चाळीस लिटर ग्रेव्ही आणि अर्धा कापलेला ड्रम

मे महिन्यातला शनिवार. सकाळी सातला मी कोल्डरूमपाशी गेलो तर बाहेरचा आकडा 9 दाखवत होता. रोज तो 3 असतो, फार तर दार उघडझाप झाली की 5. मशीन चालू होतं, पंखा फिरत होता. आत जाऊन खालच्या फळीवरच्या मोठ्या टोपाला हात लावला आणि काय झालंय ते कळलं. टोप कोमट होता.

आमचं हॉटेल बेळगावच्या बाहेर, काकतीच्या बाजूला, हायवेला लागून. रविवारी दुपारी खानापूरला दोनशे ताटांची ऑर्डर होती, लग्नानंतरच्या मटणाच्या जेवणाची. म्हणून शुक्रवारी रात्रीच कांदा-टोमॅटो-काजूची चाळीस लिटर बेस ग्रेव्ही आणि मटणाची तीस लिटर अळणी करून ठेवली होती. रात्री साडेअकराला पोरगा विचारायला आला, "सर, हे कुठं ठेवू?" मी हिशेबाच्या वहीत मान घालून बसलो होतो. म्हटलं, "वाफ गेली की आत ढकल." त्यानं सांगितलं तसं केलं. झाकण लावून दोन्ही टोप आत ढकलले. म्हणजे चूक कोणाची ते सांगायला नको.

झाकण काढलं. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि ग्रेव्हीच्या कडेनं बारीक बुडबुडे धरले होते. पळी घातली तशी मधून आंबूस वाफ आली. थर्मामीटर कडेला खुपसला तर 22, मधोमध तळापर्यंत घातला तर 41. साडेसात तास कोल्डरूममध्ये काढून मधली ग्रेव्ही अजून अंगापेक्षा गरम!

कोल्डरूम गार ठेवायला असते, गार करायला नसते. हवा उष्णता फार हळू ओढते. त्यात चाळीस लिटरचा टोप म्हणजे आतून शेगडीच पेटवून ठेवल्यासारखं. शेजारचं दही-दूधही त्यानं तापवलं. बाहेरचा 9 हा आकडा त्याचाच होता.

ग्रेव्ही फेकायला कोणाची ना नव्हती, वासच सांगत होता. भांडण झालं ते अळणीवरून. तिचा आकडा 29. वास चांगला, रंग चांगला, चव घेतली असती तर तीही चांगलीच लागली असती. मालक आले. म्हणाले, "अहो, बारा किलो मटणाचा अर्क आहे तो. एक उकळी द्या की परत." आमचे जुने आचारी, त्यांना सगळे मामा म्हणतात, तेही हळूच म्हणाले, "आमच्या वेळेला चुलीवरच झाकून ठेवायचो की रातभर."

मी मामांना म्हटलं, तुम्ही चुलीवर ठेवत होता, खाली निखारे होते. ती अळणी रात्रभर साठ अंशांच्या वरच राहत असणार. आमची मात्र साठच्या खाली आली आणि तिथंच रेंगाळली. मटणाच्या रश्श्यात एका जातीचे जंतू असतात, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्यांचे बीजाणू उकळीला मरत नाहीत. उकळीनं बाकीचे जंतू मरतात, रश्श्यातली हवा निघून जाते आणि या बीजाणूंना रान मोकळं मिळतं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास सगळं जमून आलं तर ते दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतात. दहा मिनिटांचा हिशेब धरला तर दोन तासांत एकाचे चार हजार. आणि वास येईलच असं नाही. खाणाऱ्याला रात्री पोटात कळा सुटतात तेव्हाच कळतं. परत उकळी दिली तर वाढलेले जंतू मरतील हे खरं, पण त्या टोपात आणखी कोण वाढलं असेल ते आपल्याला दिसत नाही, आणि काही जंतूंनी सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही.

मालक काही बोलले नाहीत. वळून गेले. अर्ध्या तासानं मटणवाल्याला फोन लावताना त्यांचा आवाज ऐकला, तेव्हा मी अळणी ओतून द्यायला सांगितली.

आता प्रश्न असा की दुपारपर्यंत सगळं परत शिजेल, पण रविवारसाठी गार कसं करायचं? आम्ही धरतो तो नियम साधा आहे. साठवरून एकवीस अंशांवर दोन तासांत यायला पाहिजे आणि तिथून पाचवर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास जास्त कडक आहेत, कारण जंतू सगळ्यात जोरात वाढतात ते त्याच पट्ट्यात.

ब्लास्ट चिलर, म्हणजे शिजलेलं अन्न झटपट गार करायचं मशीन, आमच्याकडे होता. गोव्यातलं एक हॉटेल बंद झालं तेव्हा मालकांनी जुना आणला होता, पाच ट्रेंचा. त्यात आम्ही आइस्क्रीमचे डबे ठेवत होतो, बोला! त्याच्या पाटीवर एका खेपेला 18 किलो लिहिलेलं. चाळीस लिटर गरम ग्रेव्ही त्यात कोंबली असती तर वाफेनं आतल्या कॉइलवर बर्फ धरला असता आणि गारही झाली नसती. म्हणून आधी बर्फाचं पाणी, मग चिलर.

ड्रायव्हरनं कारखान्यातून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून. भाजी धुवायचे निळे ड्रम अर्धे कापलेले होते, ते घासून घेतले. तळाला दोन विटा, त्यावर टोप, म्हणजे खालूनही पाणी फिरतं. बर्फ फोडून भोवती टाकला आणि त्यावर बोअरचं पाणी सोडलं. नुसता बर्फ टाकून भागत नाही; बर्फाचे तुकडे टोपाला दोन-चार ठिकाणीच टेकतात, मध्ये हवा राहते. पाणी सगळीकडून चिकटतं. पाण्याची पातळी आतल्या रश्श्याइतकी, पण टोपाच्या काठापासून चार बोटं खाली. लादीचा बर्फ खायचा नसतो, त्याचा एक थेंबही आत उडता कामा नये.

आधी अळणी बसवली, 85 अंशांवर. पोरगा पळीनं ढवळत होता. पाच मिनिटांनी 70, मग 58. पाऊण तासात 20. बर्फ दोनदा घालावा लागला. मामा म्हणाले, "आरं, हे तर सोपं हाय की!"

मग ग्रेव्ही. तोच ड्रम, तसाच बर्फ. दहा लिटरचा एक टोप आधी अजमावून बघायला ठेवला. पोराला मी दुसऱ्या कामाला लावलं, ढवळायला कोणी नव्हतं. अर्ध्या तासानं थर्मामीटर घातला. कडेला 17. पोरगा खूश. मध्ये घातला तर 66.

पातळ रस्सा आपला आपण फिरतो. कडेचा गार होऊन खाली बसतो, मधला गरम वर येतो, असं चाललेलं असतं. घट्ट ग्रेव्ही जागची हलत नाही. कडेचा थर गार होऊन आणखी घट्ट होतो आणि मधल्या ग्रेव्हीला गोधडीसारखा गुंडाळून बसतो. बाहेर कितीही बर्फ ओता, आतल्याला त्याचा पत्ताच नाही. पोरानं मध्ये बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "भाळ बिसी ऐतरी, सर!" तो चिकोडीकडचा, घाबरला की कन्नडवर येतो. बोट बुडवल्याबद्दल आधी शिव्या खाल्ल्या, मग हात धुऊन आला. तो टोप तसाच परत उकळायला चढवला.

उरलेली ग्रेव्ही अजून शेगडीवर होती, पाणी घालायचं बाकी होतं. तेव्हा डोक्यात आलं की पाणी बर्फाच्या रूपातच का घालू नये? ज्यूस काउंटरच्या मशीनमध्ये फिल्टरच्या पाण्याचा खायचा बर्फ होता, तो मोजून आठ किलो काढला. बत्तीस लिटर घट्ट ग्रेव्ही 85 वर. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी एक लिटर पाणी ऐंशी अंशांनी उतरताना सोडतं. आठ किलोचा हिशेब कागदावर मांडला तर एकूण चाळीस लिटर बावन्न-त्रेपन्न अंशांवर यायला पाहिजेत. बर्फ घातला, फावड्यासारख्या लाकडी उलथन्यानं चार मिनिटं घोटलं, थर्मामीटर घातला. 54. चार मिनिटांत तीस अंश! पाण्याचं प्रमाण मात्र आधीच धरून ठेवावं लागतं, नाहीतर ग्रेव्हीचं सार होतं.

मग तिचे दहा-दहा लिटरचे चार टोप केले, बर्फात बसवले आणि प्रत्येकाला एक माणूस. तळ खरवडून, कड मोडून दर दोन-तीन मिनिटांनी ढवळायचं. पन्नास मिनिटांत चारही टोप एकवीसच्या खाली आले.

तिथून पुढे चिलर. ट्रेमध्ये ग्रेव्ही चार-पाच सेंटिमीटरच भरायची, वरून उघडी, दोन ट्रेंमध्ये हवा जायला जागा ठेवून. पहिली खेप पोरानं लावली. वीस मिनिटांत मशीननं शिटी मारली, आकडा 3. मला पटेना. दार उघडलं तर ट्रेंवर फॉइल घट्ट बसवलेली, आणि मशीनची सळई ग्रेव्हीत खुपसायची सोडून खुंटीला लटकत होती. मशीन इमानेइतबारे हवेचं तापमान सांगत होतं. ग्रेव्ही 16 वरच. फॉइल काढली, सळई मधल्या ट्रेच्या मध्यावर खुपसली. त्यानंतर पाच अंशांवर यायला पस्तीस मिनिटं लागली.

तिसरी खेप लावताना लाइट गेली. जनरेटरवर कोल्डरूम आणि दिवे चालतात, चिलर चालत नाही. मी दार उघडू दिलं नाही. चाळीस मिनिटं गेली. लाइट आली तेव्हा ग्रेव्ही 14 वर होती, चार तासांपैकी दोन अजून हातात होते. गार झालेल्या ट्रेंवर झाकण घालून, तारीख-वेळ चिकटवून ते कोल्डरूमच्या वरच्या फळीवर लावले. रात्री साडेदहाला कोल्डरूमचा आकडा 4 होता.

रविवारी पहाटे पाचला झाकण काढलं तर वर तेलाचा केशरी थर गोठला होता आणि खालची ग्रेव्ही उलथन्यानं वडीसारखी कापली जात होती. मध्यावर 3. खळखळून उकळली, मटण घातलं, आणि अकराच्या आत गाडी खानापूरला गेली.

भिंतीवर आता एक वही टांगली आहे. टोप कधी उतरवला, दोन तासांनी किती, सहा तासांनी किती. पोरगा ती कन्नड आकड्यांत भरतो. मला सात आणि सहा पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून मामांना विचारावं लागतं.