एकशे ऐंशी गोळ्या

नव्या फार्मासिस्टने चिठ्ठी वाचली, कागदावर पटकन हिशेब मांडला आणि मला विचारलं, "मॅडम, मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅमच्या एकशे ऐंशी गोळ्या आहेत का आपल्याकडे?"

गुणाकारात त्याची चूक नव्हती. डॉक्टरांनी 15 मिलिग्रॅमचा डोस लिहिला होता आणि आमच्याकडे गोळी 2.5 मिलिग्रॅमची होती. पंधराला अडीचने भागलं की सहा, म्हणजे एका डोसला सहा गोळ्या. दिवसातून एकदा आणि तीस दिवस, म्हणून सहा गुणिले तीस, एकशे ऐंशी. कॉलेजात शिकवतात तेच हे सूत्र: एका वेळच्या गोळ्या, गुणिले दिवसातल्या वेळा, गुणिले दिवस. नव्वद टक्के चिठ्ठ्यांना ते बिनतक्रार लागू पडतं, म्हणून हात आपोआप त्याच वाटेने जातो.

पण मेथोट्रेक्सेटच्या एकशे ऐंशी गोळ्या एका माणसाच्या महिन्यासाठी? आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजाराच्या उपचारात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होण्याचं काम मंदावतं, तोंडात फोड येतात, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि माणूस दगावूही शकतो. कर्करोगाच्या काही उपचारांत डोस आणि वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे नुसतं औषधाचं नाव पाहून ठामपणे काही बोलता येत नाही. तरी आकडा एवढा मोठा आला की मी गोळ्या शोधायला जात नाही, आधी चिठ्ठी पुन्हा हातात घेते.

चिठ्ठीवर डोसपुढे इंग्रजी दोन अक्षरं होती. पहिलं 'ओ' स्पष्ट होतं. दुसरं 'डी' आहे, म्हणजे दिवसातून एकदा, की 'डब्ल्यू' आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा, हे त्या हस्ताक्षरातून मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. नव्या फार्मासिस्टने ते 'डी' वाचलं, कारण दिवसभर तो 'डी'च वाचत असतो. खालच्या ओळीत फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम होतं आणि त्यापुढे "मेथोट्रेक्सेटचा वार सोडून रोज" असं नीट लिहिलेलं होतं. ही ओळ माझ्या लेखी मोठा पुरावा होती. मेथोट्रेक्सेट रोजचं असतं, तर सोडायला वारच उरला नसता.

चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा आईसाठी औषध न्यायला आला होता. आईची सगळी औषधं पिशवीत घालूनच आणली होती, हे आमचं नशीब. त्याला विचारलं, "आईंना कशासाठी देतात हे?"

"सांध्यांसाठी. बोटं सुजतात तिची. आधीही हेच होतं, आता डॉक्टरांनी वाढवलंय म्हणे."

पिशवीतून जुनी चिठ्ठी निघाली. त्यावर 10 मिलिग्रॅम होतं, म्हणजे अडीचच्या चार गोळ्या, आणि तिथे "आठवड्यातून एकदा, रविवारी" असं पूर्ण शब्दांत लिहिलेलं. जुन्या बिलावर वीस गोळ्या होत्या. पिशवीत एक कापलेली पट्टी सापडली आणि तिच्यात आठ गोळ्या उरल्या होत्या.

इथे मी नव्या फार्मासिस्टला बाजूला घेऊन बसवलं. वीस घेतल्या, आठ उरल्या, म्हणजे बारा पोटात गेल्या. बारा गोळ्या म्हणजे चार-चारचे तीन डोस. बिलाची तारीख आणि आजची तारीख पाहिली, तर मध्ये तीन रविवार गेले होते. त्या मुलाच्या आई औषध अगदी बरोबर घेत होत्या. रोज चार घेतल्या असत्या तर वीस गोळ्या पाच दिवसांत संपल्या असत्या आणि मुलगा पहिल्याच आठवड्यात काउंटरवर उभा राहिला असता. उरलेल्या गोळ्या मोजणं हे काम कुणाला आवडत नाही, पण पेशंट औषध कसं घेतोय हे विचारून जितकं कळतं, त्यापेक्षा पट्टीतली मोकळी घरं जास्त खरं सांगतात.

एवढं सगळं जुळत असूनही मी डॉक्टरांना फोन केला. डोस बदलला होता, त्यामुळे वेळापत्रक बदललं नाही हे माझ्या अंदाजाने ठरवणं योग्य नव्हतं. डॉक्टर फोनवर आले. "हो हो, आठवड्यातून एकदाच. रविवारच ठेवा, त्यांना सवय आहे. महिन्याने रक्ताचा रिपोर्ट घेऊन बोलावलंय." मी चिठ्ठीवर फोनची वेळ घालून नोंद केली. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये डॉक्टरांना सांगितलं होतं की या औषधाचा ठरलेला वार चिठ्ठीवर पूर्ण लिहावा. ती सूचना जगभरातल्या दवाखान्यांत भिंतीवर लावावी असं मला वाटतं. दोन अक्षरांची बचत कुणाच्या कामाची?

आता खरा हिशेब. फार्मासिस्टने पुन्हा पेन उचललं. आठवडा सात दिवसांचा, तीसला सातने भागलं की चार पूर्णांक काहीतरी, गुणिले सहा, साधारण पंचवीस पूर्णांक सात. "वरचा पूर्ण आकडा घेऊ. सव्वीस," तो म्हणाला.

सव्वीस गोळ्यांनी काय होतं? सहा-सहाचे चार डोस होतात आणि दोन गोळ्या उरतात, ज्यांचा एकही डोस होत नाही. रोजच्या औषधात दिवसांनी गुणलं की काम झालं, पण आठवड्याच्या औषधात भागाकार करायचाच नसतो. कॅलेंडर उघडून वार मोजायचा असतो. चिठ्ठी बुधवारची होती आणि तीस दिवस गुरुवारपासून धरायचे होते. गुरुवार पहिला दिवस धरला, तर रविवार चौथ्या दिवशी येतो. मग अकराव्या, अठराव्या आणि पंचविसाव्या. पुढचा रविवार बत्तिसावा दिवस, तो मुदतीबाहेर. म्हणजे चार डोस आणि चोवीस गोळ्या.

मजा अशी की तेच तीस दिवस, तीच चिठ्ठी, पण ठरलेला वार गुरुवार किंवा शुक्रवार असता, तर पाच डोस बसले असते आणि तीस गोळ्या लागल्या असत्या. गुरुवार पहिल्या दिवशीच येतो आणि एकोणतिसाव्यालाही येतो. शुक्रवार दुसऱ्या आणि तिसाव्या दिवशी. बाकीचे पाच वार चारदाच येतात. वार माहीत नसेल तर या औषधाच्या गोळ्या किती हे सांगताच येत नाही, असं मी फार्मासिस्टला म्हटलं तेव्हा त्याने सातही वार बोटांवर मोजून खात्री करून घेतली. मला ते आवडलं.

चोवीसातून घरच्या आठ वजा करायच्या होत्या. त्याआधी जुन्या पट्टीवरची मुदतीची तारीख पाहिली आणि गोळी अडीचचीच आहे ना हे पाहिलं. हे औषध 10 मिलिग्रॅमच्या गोळीतही मिळतं. घरात दोन ताकदीच्या गोळ्या एकत्र राहिल्या आणि आईंनी सवयीने "सहा" मोजल्या, तर पंधराऐवजी कितीही मिलिग्रॅम पोटात जाऊ शकतं. म्हणून दहाची एक आणि अडीचच्या दोन देऊन गोळ्यांची संख्या कमी करण्याचा मोह मी टाळते, पेशंटने कितीही गळ घातली तरी. जुनी पट्टी अडीचची होती आणि मुदतही शिल्लक होती. म्हणजे आज विकायच्या गोळ्या सोळाच.

पट्टी दहाची. एक पूर्ण आणि दुसरीतून सहा कापून दिल्या. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख कोपऱ्यात छापलेली असते, त्यामुळे तो कोपरा कुठल्या तुकड्याकडे जातोय हे पाहूनच कात्री चालवायची आणि दुसऱ्या तुकड्याच्या पाकिटावर तेच हाताने लिहायचं. फार्मासिस्ट म्हणाला, "दोन पूर्ण पट्ट्या दिल्या तर? चारच तर जास्त होतात." खोकल्याच्या गोळीला मी हो म्हटलं असतं. या औषधाच्या चार जादा गोळ्या घरात राहणं मला नको होतं. शिवाय त्या राहिल्या की पुढच्या महिन्यात उरलेल्या मोजून काहीच कळत नाही.

फॉलिक ॲसिडचा हिशेब उलट्या बाजूने. तीस दिवसांतून चार रविवार वजा, सव्वीस गोळ्या. त्याच्या मात्र दहाच्या तीन पट्ट्या सरळ दिल्या. चार जास्त झाल्या तरी बिघडत नाही.

अडचण एकच होती: दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. अदलाबदल झाली तर आठवड्यातून सहा दिवस मेथोट्रेक्सेट आणि रविवारी सहा फॉलिक ॲसिड, म्हणजे मोजणी अगदी बरोबर आणि औषध पूर्ण उलटं. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर लाल पेनाने "फक्त रविवारी, एकदम 6 गोळ्या" लिहिलं आणि फॉलिक ॲसिडच्यावर "रविवार सोडून रोज 1". मुलाकडून दोन्ही मोठ्याने वाचून घेतलं. चारची सवय असलेल्या आईंना आता सहा मोजायच्या आहेत, हेही त्याला घरी जाऊन सांगायला लावलं. तोंडात फोड आले, ताप आला किंवा अंगावर उगाच काळे-निळे डाग दिसले, तर पुढचा रविवार न घेता आधी डॉक्टरांना फोन करायचा, हेही सांगितलं.

निघताना तो म्हणाला, "मॅडम, दोन महिन्यांचं एकदमच द्या ना. माझी सारखी फेरी होते."

आमच्या नव्या फार्मासिस्टने तेवढ्यात उत्तर दिलं, "साठ दिवस म्हणजे आठ डोस." मग स्वतःच थांबला, कॅलेंडरचं पान उलटलं आणि बोट सरकवत गेला. बत्तीस, एकोणचाळीस, सेहेचाळीस, त्रेपन्न, साठ. "नऊ! साठावा दिवस रविवारच येतोय."

"बरोबर," मी म्हटलं, "पण त्यातले पाच रिपोर्ट पाहिल्याशिवाय द्यायचे नाहीत. रक्तपेशी आणि यकृत ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले की पुढची चिठ्ठी." मुलाला ते पटलं नसावं, पण तपासणीची तारीख त्याने फोनमध्ये टाकून घेतली. ती तिसाव्या दिवसाची, शुक्रवारची होती. म्हणजे पुढच्या रविवारच्या आधी मध्ये एक शनिवार होता, तेवढ्यात तो परत येऊ शकणार होता.