मुंजीच्या सभागृहाची सजावट: फुले, कापड आणि दिवे किती लागले

इंदूरमध्ये भाच्याच्या मुंजीसाठी सभागृह ठरले आणि सजावटीचे काम माझ्याकडे आले. सामान आपण आणायचे व कारागिरांना फक्त बांधणीची मजुरी द्यायची असे ठरल्यामुळे यादी मापे घेऊनच करावी लागली.

सर्वांत जास्त हिशेब स्टेजच्या मागच्या पडद्याचा होता. स्टेज २४ फूट रुंद होते आणि पडदा १० फूट उंच हवा होता. चुण्या भरघोस दिसायच्या तर रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ४८ फूट कापड धरावे लागते. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये पसंत पडलेल्या कापडाचा पन्हा ४४ इंच होता, म्हणून १४ पट्टे लागणार होते. दांडी ओवण्याचा नेफा आणि खालची दुमड यांसाठी प्रत्येक पट्ट्याला एक फूट जादा धरल्यावर १५४ फूट, म्हणजे सुमारे ४७ मीटर झाले. मी ५० मीटर घेतले. होम स्टेजवरच होणार असल्यामुळे कुंडापासून पडदा दूर राहील अशी जागा गुरुजींना विचारून आधीच आखून घेतली.

झेंडूचा अंदाज किलोवर सांगतात, पण फुलाच्या आकाराप्रमाणे तो बदलतो. म्हणून चोइथराम मंडीतून आधी एक किलोच झेंडू आणून मोजला. त्यात साधारण १२० फुले भरली आणि दाट ओवताना फुटाला १२ लागली. म्हणजे किलोमागे १० फूट माळ. पडद्यावर फुटाफुटावर सोडलेल्या चार फुटी २५ माळांना १० किलो लागले. प्रवेशद्वार आठ फूट रुंद आणि तितकेच उंच. तीन बाजूंना दुहेरी माळ म्हणजे ४८ फूट, सुमारे पाच किलो. वर आंब्याच्या पानांचे तोरण पुरेसे होते. बारा गोल टेबलांवर पितळी वाटीत पाव पाव किलो शेवंती ठेवली. एकूण १८ किलो झाले, पण काही फुले देठापाशी तुटतात, म्हणून २१ किलो आणली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता ओलसर सुती कापडावर पसरली. बंद पिशवीत ती उबून काळी पडतात.

टेबलांवर पांढरी चादर सभागृहाचीच होती. त्यावरच्या सात फुटी पट्ट्या एका पन्ह्यातून तीन निघाल्या, त्यामुळे नऊ मीटर कापडात बाराही टेबले झाली.

दिव्यांत रंगाचा आग्रह धरावा. निळ्या प्रकाशात झेंडू काळपट दिसतो, म्हणून स्टेजला पिवळसर उजेडाचे सहा एलईडी पार, म्हणजे स्टेजवर झोत टाकणारे दिवे, घेतले. प्रत्येकी १५० वॅट धरले तर ९०० वॅट होतात, आणि पाच अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला ११५० वॅटच चालतात. त्यामुळे ध्वनियंत्रणा आणि प्रवेशद्वाराचे दोन दिवे वेगळ्या सर्किटवर घेतले. पडदा बांधल्यावर रात्रीच सगळे दिवे अर्धा तास एकदम लावून कोणता प्लग तापतो का ते हाताने पाहिले, आणि माळा पहाटे शेवटी चढवल्या.