वीस मिनिटांत सोळा तास कसे भरले

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, 20 मार्च 2025 च्या गुरुवारी, इंदूरच्या ऑफिसात अर्ध्या लोकांच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता. राजवाड्याच्या गेरमधून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतून, परत आलेल्यांचे व्हिडिओ फिरत होते. तेवढ्यात क्लायंटच्या फायनान्स हेडचा फोन आला. त्यांना 11 वाजून 3 मिनिटांनी एक ईमेल गेला होता: खरेदीची विनंती क्रमांक 4127 अकाउंट्सच्या मॅडमकडे सोळा कामाचे तास पडून आहे, म्हणून ती आता तुमच्याकडे पाठवली आहे. साहेब चिडले होते, कारण मॅडम मंगळवारपासून रजेवर होत्या आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "रजेवरच्या माणसाच्या नावाने तक्रार करणारी सिस्टीम आम्ही पैसे देऊन घेतली का?" हा त्यांचा प्रश्न.

सिस्टीम होती मंजुरीची. पिथमपूरच्या कारखान्यातून खरेदीची विनंती निघते, आधी विभागप्रमुख बघतो, मग अकाउंट्स, मग रकमेप्रमाणे वरचे लोक. दुसऱ्या पायरीवर सोळा कामाच्या तासांत कुणी काही केलं नाही तर ती आपोआप फायनान्स हेडकडे चढते. कामाची वेळ दहा ते सहा, आठवडा पाच दिवसांचा. क्लायंटने दोन विभागांत पायलट सुरू केला होता आणि मी त्याच सुमाराला या प्रकल्पावर टेस्टर म्हणून आले होते.

सगळ्यांना पहिला संशय आला तो रजेच्या बदलीवर. मॅडमनी रजा टाकताना आपले अधिकार पुण्याच्या शाखेतल्या एका ताईंना दिले होते. ती बदली लागू झाली नसेल, विनंती मॅडमच्याच खात्यात अडकली असेल, असं आमच्या डेव्हलपर दादाचं म्हणणं. मी पुण्याला फोन लावला. ताई म्हणाल्या, "आली ना माझ्याकडे. दहा-चाळीसला आली. कोटेशन उघडून बघतच होते, तर समोरून गायब झाली!"

म्हणजे बदली नीट चालली होती. ताईंच्या हातात विनंती फक्त वीस मिनिटं होती, आणि सिस्टीम सांगत होती सोळा तास.

मी तो ईमेल पुन्हा, अगदी सावकाश वाचला. त्यात दोन गोष्टी खटकल्या. एक, नाव मॅडमचं होतं, ताईंचं नाही. दुसरी, रक्कम 84,000 रुपये लिहिली होती. स्क्रीनवर मात्र 4127 ची रक्कम 79,500 होती. नाव जुनं आणि रक्कमही जुनी, म्हणजे हा ईमेल आजच्या विनंतीबद्दल नव्हताच.

मग विनंतीचा इतिहास काढला. ती अकाउंट्सकडे पोहोचली सोमवारी 17 तारखेला सकाळी 11 वाजता. त्याच दिवशी चारच्या सुमारास मॅडमनी ती नाकारली, शेरा मारला की कोटेशन जुनं आहे, नवीन जोडा. मंगळवारपासून त्या रजेवर. बुधवारी रंगपंचमी, इंदूरला स्थानिक सुट्टी. कारखान्यातल्या मुलाने गुरुवारी सकाळी नवीन कोटेशन लावलं, रक्कम कमी झाली, आणि 10:40 ला विनंती परत पाठवली. नियम असा की दुरुस्तीत रक्कम वाढली तर विनंती पहिल्या पायरीपासून सुरू होते, न वाढली तर जिने नाकारली त्याच पायरीवर परत जाते. म्हणून ती थेट दुसऱ्या पायरीवर गेली, आणि मॅडम रजेवर असल्याने ताईंकडे. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

आता ही सोळा तासांची मुदत सांभाळणाऱ्या टायमरचं टेबल, त्यात `due_at` म्हणजे टायमर वाजायची वेळ:

```
id   request_id  level_no  due_at            status
911  4127        2         2025-03-20 11:00  FIRED
958  4127        2         2025-03-24 10:40  CANCELLED
```

958 हा खरा टायमर. गुरुवारी 10:40 पासून सहापर्यंत सात तास वीस मिनिटं, शुक्रवारचे आठ तास, उरलेली चाळीस मिनिटं सोमवारी. हिशोब बरोबर. 911 हा सोमवारचा, पहिल्या फेरीचा. सोमवारचे सात तास, मंगळवारचे आठ, बुधवारी सुट्टी, गुरुवारचा एक तास, म्हणून 11:00. तोही हिशोब बरोबरच. फक्त ज्या कामासाठी तो लावला होता, ते काम सोमवारी चार वाजताच नकार देऊन संपलं होतं. मंजुरी दिली की टायमर रद्द करणारा कोड होता. नकार दिल्यावर रद्द करणारा नव्हता.

दादाने लगेच कोड उघडून दाखवला. "अगं, पण मी तपासणी ठेवलीय ना. टायमर वाजला की आधी बघतो, विनंती अजून त्या पायरीवर `PENDING` आहे का. नाकारलेली असेल तर तो काही न करता निघून जातो." त्याचं खरं होतं. विनंती नाकारलेल्या अवस्थेत असताना टायमर वाजला असता तर काहीच झालं नसतं. पण जुना टायमर वाजायच्या आत दुरुस्ती होऊन ती परत आली, तर ती पुन्हा दुसऱ्या पायरीवर `PENDING` असते. टायमरकडे विनंतीचा क्रमांक आणि पायरी एवढंच होतं. फेरी कितवी, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. भाडेकरू बदलला तरी जुन्याच्या नावाची वसुलीची नोटीस त्याच दारावर चिकटावी, तसं झालं. वर त्याने विनंती चढवल्यामुळे सिस्टीमने ताईंचा खरा टायमर रद्द करून टाकला.

मला खरी उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची होती: 'नाकारून परत पाठवलेली विनंती वेळेत चढते का' ही टेस्ट केस यादीत होती, आणि ती पास होती. कशी?

टेस्ट सर्व्हरवर सोळा तास कोण थांबणार, म्हणून तिथे टायमर चार मिनिटांचा केला होता. टेस्ट करणारा विनंती पाठवतो, अर्ध्या मिनिटात नाकारतो, मिनिटाच्या आत दुरुस्त करून परत पाठवतो, मग चहा पिऊन येतो. जुना टायमर चार मिनिटांनी वाजतो, नवा वाजणार असतो जेमतेम मिनिटभरानंतर. जुन्याने विनंती चढवली की नवा रद्द. ईमेल एकच येतो, आणि साधारण त्याच वेळेला येतो. अपेक्षित निकाल: ईमेल आला. प्रत्यक्ष निकाल: ईमेल आला. त्या टेस्टमध्ये रजेची बदली नव्हती आणि दुरुस्तीत रक्कमही बदलत नव्हती, त्यामुळे ईमेलमधलं नाव आणि आकडा दोन्ही फेऱ्यांत सारखेच. टायमर छोटा केला की माणसाने दुरुस्तीला घेतलेला वेळही आकसतो, आणि दोष नेमका त्या वेळात होता.

म्हणून मी तपासणीचे दोन भाग केले. वेळ बरोबर मोजली का, हे बघायला थांबावं लागतच नाही. खरे सोळा तास ठेवायचे, विनंती पाठवायची आणि `due_at` मध्ये काय लिहिलं गेलं ते लगेच वाचायचं. वेळ भरल्यावर काय होतं, हे बघायला त्या एका टायमरची `due_at` हाताने मागे सरकवायची आणि वेळ भरलेले टायमर वाजवणारा शेड्यूलर दर पाच मिनिटांनी येतो, तेव्हा तो काय करतो ते बघायचं. सर्व्हरचं घड्याळच पुढे ढकलायचा मोह होतो, पण मग लॉगिनची सत्रं संपतात आणि भलतेच दोष दिसू लागतात. या पद्धतीने मी जुना टायमर वाजवला आणि नवा तसाच ठेवला. 4127 चा प्रकार जसाच्या तसा समोर आला.

मग एक गोष्ट मुद्दाम करून बघितली. त्या ईमेलमध्ये 'मंजूर करा' असं बटण असतं. साहेबांनी चिडून फोन केला, बटण दाबलं नाही. मी टेस्टमध्ये ते दाबलं. मंजुरी नोंदली गेली ती 79,500 च्या विनंतीवर, ईमेलमध्ये मात्र 84,000. ईमेलचा मजकूर टायमर लावतानाच तयार करून ठेवला जात होता. म्हणजे ऑडिटच्या नोंदीत साहेबांनी असा कागद मंजूर केल्याचं दिसलं असतं, जो त्यांनी बघितलाच नव्हता. उलट्या दिशेने विचार करा, दुरुस्तीत रक्कम तीच राहून विक्रेता बदलला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या मते हा दोष उशिराच्या खोट्या तक्रारीपेक्षा मोठा होता, आणि मी तो वेगळा नोंदवला.

दादाची दुरुस्ती सोपी होती: नकार दिला की त्या पायरीचे थांबलेले सगळे टायमर रद्द करायचे. मी म्हटलं, तेवढ्याने भागणार नाही. शेड्यूलरने टायमर उचलला आणि त्याच क्षणी कुणी नकाराचं बटण दाबलं, तर रद्द करायला उशीर झालेला असेल. म्हणून टायमरमध्ये विनंतीच्या जोडीला त्या विशिष्ट कामाचा क्रमांक ठेवायचा, आणि वाजताना तेच काम अजून उघडं आहे का ते बघायचं. परत आलेल्या विनंतीसाठी नवं काम, नवा क्रमांक. थोडी वादावादी झाली, मग त्याने दोन्ही केलं.

एक प्रश्न आमच्या हातातला नव्हता. मॅडमनी सोमवारी नकार दिला नसता, तर काम मंगळवारी पुण्याला गेलं असतं आणि पुण्यात बुधवारी सुट्टी नव्हती. इंदूरच्या कॅलेंडरने मुदत गुरुवारी 11 ला भरते, पुण्याच्या कॅलेंडरने बुधवारीच 11 ला. एक पूर्ण दिवसाचा फरक, आणि कागदपत्रांत यावर अक्षर नाही. साहेबांचा राग तोवर शांत झाला होता. त्यांनी ठरवलं की संपलेले तास संपलेलेच राहतील, नाहीतर लोक बदली करून मुदत वाढवून घेतील, आणि उरलेले तास ज्याच्या हातात काम आहे त्याच्या कॅलेंडरने मोजायचे. मी ते तसंच टेस्ट केसमध्ये लिहिलं, रंगपंचमीच्या तारखेसकट.

नवा कोड सोमवारी चढणार होता, पण नाकारलेल्या विनंत्यांचे जुने टायमर टेबलात बसूनच होते. ते शोधायला ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT DISTINCT j.id, j.request_id, j.due_at
FROM escalation_jobs j
JOIN approval_history h
  ON h.request_id = j.request_id
 AND h.level_no = j.level_no
WHERE j.status = 'WAITING'
  AND h.action = 'REJECTED'
  AND h.acted_at > j.created_at;
```

थोड्याच ओळी आल्या, पण त्यातली एक शुक्रवारी सकाळी 10:15 ला वाजणारी होती, आणि तिची विनंती दुपारीच दुरुस्त होऊन परत आली होती. क्लायंटच्या लेखी होकारावर दादाने सहाच्या आत त्या सगळ्या रद्द केल्या, आणि 4127 पुण्याच्या ताईंकडे परत ठेवून तिला सोमवार 10:40 चा टायमर हाताने लावून दिला.