रिव्हर्सची वही, आठवडा १०: १० जिंकले, १० हरले

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे या मोसमात अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले दर रविवारी दोन सामने निवडतोय आणि तीच जोडी वहीत तीन प्रकारे लिहितोय: साध्या पैजा, रिव्हर्स आणि पार्ले. पैसे लावलेले नाहीत, सगळं कागदावर. मी न्यू जर्सीत राहतो. इथे २०१८ पासून खेळांवरची पैज कायदेशीर आहे, पण इफ बेटचा पर्याय सगळ्याच ॲपवर मिळत नाही.

भाव सगळीकडे उणे ११० धरलाय, म्हणजे १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे.

इफ बेटमध्ये पहिली पैज जिंकली तरच दुसरी लागते, आणि तीही ठरलेल्या ११० डॉलरचीच. पहिल्या सामन्यात मिळालेले १०० बाजूला राहतात. दोन्ही जिंकले तर २०० मिळतात. पहिला जिंकून दुसरा हरला तर फक्त १० जातात. पहिलाच हरला तर ११० जातात आणि दुसरी पैज लागतच नाही. पार्लेत मात्र मुद्दल आणि जिंकलेले पैसे सगळेच्या सगळे पुढच्या सामन्यावर चढतात. म्हणून ११० च्या पार्लेला साधारण २९१ मिळतात, पण एक जरी सामना हरला तरी सगळे ११० जातात. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे: पहिल्या सामन्यातलं किती पुढे ढकलायचं.

रिव्हर्स म्हणजे दोन इफ बेट, एक अ कडून ब कडे आणि दुसरी ब कडून अ कडे. जास्तीत जास्त तोटा २२०. इथे पहिल्या आठवड्यात मी चुकलो होतो. एक सामना जिंकला, एक हरला, आणि मी वहीत १० डॉलरचा तोटा लिहिला. पुन्हा मांडलं तेव्हा लक्षात आलं की जिंकलेला सामना आधी असलेल्या इफ बेटमध्ये १० गेले, पण हरलेला सामना आधी असलेल्या दुसरीत पूर्ण ११० गेले. एकूण १२०. दोन्ही जिंकले तर ४०० येतात, दोन्ही हरले तर २२० जातात. पण वारंवार पडतो तो हा मधला निकाल, आणि रिव्हर्सचं गणित तोच बिघडवतो.

आता दहा आठवड्यांचा हिशेब. २० सामन्यांत १० जिंकले, १० हरले. साध्या पैजांत १०० चा तोटा. जोड्या पाहिल्या तर दोनदा दोन्ही जिंकले, दोनदा दोन्ही हरले, सहा वेळा एक-एक. रिव्हर्समध्ये ८०० आले, ७२० आणि ४४० गेले, म्हणजे ३६० चा तोटा. दर वेळी २२० च्या पार्लेत सुमारे ५९६ चा तोटा. पण हेच १० विजय चार जोड्यांत दोन्ही, चार जोड्यांत एकही नाही आणि दोन जोड्यांत एक-एक असे पडले असते, तर रिव्हर्समध्ये ४८० आणि पार्लेत हजाराच्या आसपास नफा दिसला असता. साध्या पैजा मात्र तेव्हाही उणे १०० वरच राहिल्या असत्या.

म्हणजे रिव्हर्समध्ये निकाल एकत्र पडतात की फुटतात, हे फार महत्त्वाचं. प्रत्येक बाजूची शक्यता निम्मी धरली तर सातपैकी चार वेळा निकाल एकाच दिशेने लागले की रिव्हर्स बरोबरीत येतो. वेगवेगळ्या सामन्यांत असं व्हायला काहीच कारण नसतं. एकाच सामन्यात मात्र असतं. कॉलेज फुटबॉलमध्ये एखादा संघ ३०.५ गुणांनी वरचढ धरलाय, म्हणजे तेवढा स्प्रेड दिलाय, आणि एकूण गुणांची रेषा ४५.५ आहे, असं समजा. तो संघ स्प्रेड पार करणार म्हणजे किमान ३१ च्या फरकाने जिंकणार; तेव्हा ओव्हरला, म्हणजे एकूण गुण ४५.५ च्या वर जायला, फार थोडे गुण कमी पडतात. अशा जोडीचा साधा पार्ले स्पोर्ट्सबुक घेत नाही किंवा भाव कमी करून देतं. इफ बेट आणि रिव्हर्सलाही बरीच ठिकाणं तोच नियम लावतात, म्हणून आधी नियमावली वाचावी लागते.

वाचताना पुशचंही पाहा, म्हणजे फरक नेमका स्प्रेडइतकाच पडला तर काय होतं ते. एनएफएलमध्ये ३ गुणांचा फरक सगळ्यात जास्त वेळा पडतो, म्हणून उणे ३ च्या स्प्रेडवर पैसे परत येण्याची वेळ बऱ्याचदा येते. पार्ले तेव्हा एका सामन्याचा होतो. इफ बेट ‘फक्त विजय’ प्रकारची असेल तर पहिल्या पुशवर तिथेच थांबते. ‘ॲक्शन’ प्रकारची असेल तर दुसरी पैज लागते. शिवाय क्रम आपण निवडलेला धरतात, सामन्यांच्या वेळेचा नाही.

पुढच्या शनिवारपासून वहीत कॉलेजचा रकाना उघडतोय: मोठा स्प्रेड, लहान एकूण, आणि किती वेळा दोन्ही एकत्र पडले त्याची नोंद.