‘तूफ़ान से’ : करण की अपादान?

रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्याजवळच्या शाळेत मी आठवीला हिंदी शिकवते. कारकाच्या, म्हणजे नामाचे क्रियेशी असलेले नाते ओळखण्याच्या, कार्यपत्रिकेवर बहुतेक मुले वाक्य वाचतच नाहीत. ‘ने’ दिसला की कर्ता, ‘को’ दिसला की कर्म, असे लिहून मोकळी होतात. ‘से’ मात्र त्यांना अडवतो, कारण तो करण, म्हणजे ज्याच्या साधनाने क्रिया घडते ते, आणि अपादान, म्हणजे ज्यापासून काही दूर होते ते, या दोन्हींचे चिन्ह आहे.

यावर आमच्याकडे एक जुनी युक्ती चालते : वाक्य मनात मराठीत आणायचे. ‘मछुआरे ने जाल से मछली पकड़ी’ म्हणजे जाळ्याने, म्हणून करण. ‘नाव किनारे से दूर गई’ म्हणजे किनाऱ्यापासून, म्हणून अपादान. युक्ती चांगली आहे, पण ‘मछुआरा तूफ़ान से डरता है’ या वाक्याशी ती कोलमडते, कारण मराठीत आपण वादळाला घाबरतो. अर्ध्या वर्गाने त्यामुळे ‘कर्म’ लिहिले होते. एका मुलाने ‘करण’ लिहिले होते आणि मी ते चूक दिल्यावर तो कार्यपत्रिका घेऊन टेबलाशी आला.

“बाई, खालच्या वाक्यात ‘बूढ़ा भूख से मर गया’ याला तुम्ही करण बरोबर दिलंय. भूक हे मरण्याचं कारण, तसं वादळ हे भिण्याचं कारण. मग हे अपादान कसं? इथे कोण कोणापासून वेगळं झालं?”

प्रश्न रास्त होता. कार्यपत्रिकेच्या माथ्यावर चौकटीत ‘अपादान – अलग होना’ एवढेच छापलेले होते आणि तेवढ्या व्याख्येत भीती बसत नाही. अशा चौकटी करणाऱ्यांना उदाहरणे निवडताना आपलीच व्याख्या आठवत नाही, असे माझे मत आहे. पाणिनीने अपादानाची व्याख्या दूर होण्यावरूनच केली, पण लगेच पुढच्या सूत्रात ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ असे सांगून भिणे आणि रक्षण करणे या अर्थांच्या क्रियापदांसाठी भयाच्या कारणालाही अपादानातच जागा दिली. हिंदी व्याकरणाने तीच वाट धरली. म्हणून ‘छाते ने हमें बारिश से बचाया’ यातही अपादानच.

मी त्याला सांगितले की ज्याची भीती वाटते, त्यापासून मन मागे सरते. त्यावर तो म्हणाला, “भुकेपासून पण माणसाला लांबच जायचं असतं ना?”

तेव्हा मी दुसरा फरक दाखवला. भूक शरीरात असते आणि मरण तिच्याकरवी घडते. वादळ मात्र अजून आलेलेही नसते, त्याने काहीच केलेले नसते, तरी मच्छीमार भितो. हे त्याला पटल्यासारखे वाटले. मला स्वतःला ते पूर्ण पटलेले नाही, कारण ‘वह ठंड से काँप रहा था’ आणि ‘वह डाँट से काँप उठा’ ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवली की दुसऱ्यात करण म्हणावे की भयहेतू, हे मलाही ठरवता येत नाही.

गुण मी दिला नाही. सहकारी म्हणाले, “उत्तरसूचीत अपादान आहे, विषय संपला.” पुढच्या कार्यपत्रिकेत ‘डरना’ आणि ‘बचाना’ यांची वाक्ये मी वेगळ्या गटात, ‘भय का कारण’ अशा शीर्षकाखाली घेतली आहेत.