घनाचा ग्रुप, भाग ४: तपासणीच खोटी निघाली

मागच्या नोंदीत `Q6` ला, म्हणजे सहा मितींच्या घनाला, हात घालतो म्हणालो होतो. घातला, आणि चार संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी सापडलेली चूक इतकी मजेशीर आहे की राग येण्याऐवजी हसूच आलं.

उजळणीपुरतं सांगतो. सहा मितींच्या घनाचे ६४ कोपरे, त्यांचा लाप्लास मॅट्रिक्स, त्यातली एक ओळ आणि एक स्तंभ काढला की उरतो ६३ × ६३ चा मॅट्रिक्स. कर्णावर ६, शेजाऱ्यांच्या जागी −१, बाकी शून्यं. प्रत्येक ओळ म्हणजे ६३ जनरेटर्समधलं एक रिलेशन. पूर्णांकांतच राहून ओळी आणि स्तंभ एकमेकांत मिळवत-वजा करत कर्णरूप गाठायचं, प्रत्येक संख्येने पुढच्या संख्येला भाग जाईल असं लावायचं, की ग्रुप समोर येतो. `Q3` साठी माझा कोड १, १, १, १, २, ८, २४ देतो आणि तेच बरोबर आहे: गुणाकार ३८४, म्हणजे साध्या घनाच्या स्पॅनिंग ट्री जितक्या तितकाच. `Q4` चा गुणाकारही ४,२४,६७,३२८ असा चोख आला होता. (सामाईक अवयवाने अख्खी ओळ भागायची दुसऱ्या भागातली घोडचूक केव्हाच काढलीय. २x = ० ला २ ने भागलं की x च मरतो, ते आता अंगवळणी पडलंय.)

`Q6` चं उत्तर आलं तेव्हाही मी खूश होतो. हुआ बाय यांनी २००३ मध्ये सिद्ध केलंय की `Qn` च्या कर्णावर सम संख्या बरोबर `2^(n-1) - 1` असतात. इथे ३१ हव्यात. माझ्याकडे ३१ च होत्या. त्यांतले २ चे सगळे घात मोजले तर १०३, आणि स्पॅनिंग ट्रींची संख्या आहे `2^103 · 3^21 · 5^6`. जुळलं! शिवाय ओळींच्या सगळ्या पायऱ्या `U` मध्ये आणि स्तंभांच्या `V` मध्ये साठवून, मूळ मॅट्रिक्स `A` आणि कर्णरूप `D` घेऊन `U·A·V = D` ही तपासणी लावली होती, तीही पास.

मग नजर विषम भागाकडे गेली. त्याच निष्कर्षानुसार `Q6` मध्ये ३ चा भाग म्हणजे `Z/3` च्या २१ प्रती, आणि ५ चा भाग म्हणजे `Z/5` च्या ६. म्हणजे कर्णावरच्या शेवटच्या २१ संख्यांना ३ ने भाग जायलाच हवा. माझ्याकडे एकीलाही जात नव्हता. शेवटच्या जागी एक लांबलचक अनोळखी संख्या बसली होती आणि तिच्या अलीकडे नुसते २ चे घात.

तीन संध्याकाळी मी पिव्हट निवडण्याच्या कोडवर संशय घेत बसलो. भाज्यतेची पायरी पुन्हा लिहिली. मसावि काढणारं फंक्शन कागदावर चालवून पाहिलं. सगळं बरोबर. आणि तपासणी पास होते म्हटल्यावर चूक असेलच कुठे?

चूक होती एका शब्दात. मॅट्रिक्स `int64` होता. काटछाट करताना मधल्या संख्या फुगतात हे आपल्याला माहीत आहे. मी पिव्हट म्हणून समोर येईल ती पहिली शून्येतर संख्या घेत होतो, त्यामुळे त्या जास्तच फुगल्या आणि `2^63` च्या पलीकडे गेल्या. अ‍ॅरेवरची क्रिया असली की `numpy` अशा वेळी हूं की चूं करत नाही, संख्या गुपचूप गुंडाळून परत देतो. पायथॉनचे स्वतःचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, त्या सवयीने मी गाफील राहिलो.

पण मग तपासणी पास का झाली? कारण `U`, `V` आणि त्यांचा गुणाकार, सगळंच `int64` मध्ये होतं. बेरीज-वजाबाकी-गुणाकार गुंडाळून केले काय किंवा शेवटी एकदाच गुंडाळले काय, `2^64` ने भागल्यावरची बाकी तीच राहते. म्हणजे माझी तपासणी `U·A·V = D` हे विचारतच नव्हती. `2^64` ने भागून बाकी सारखी येते का, एवढंच विचारत होती, आणि त्याचं उत्तर खरंच ‘हो’ होतं.

सम भाग बरोबर येण्याचं कारणही हेच. छोट्या आकड्यांत बघा. समजा आपलं यंत्र २५६ वर गुंडाळतं आणि कर्णावर खरी संख्या ३०० आहे. ती होते ४४. ३०० = ४ × ७५ आणि ४४ = ४ × ११. चारला धक्का लागला नाही, कारण २५६ ला चारने भाग जातो. ७५ चं मात्र ११ झालं. `Z/300` च्या जागी `Z/44` मिळाला, त्यातला `Z/4` अस्सल, बाकीचा कचरा. माझ्या ३१ सम संख्यांचं हेच झालं होतं. गंमत अशी की विषम भाग सूत्रानेच मिळतो, मी हा उद्योग २ च्या भागासाठीच मांडलाय. म्हणजे मला हवं होतं तेवढं बरोबरच होतं!

दुरुस्ती एका ओळीची:

```python
A = np.array(L, dtype=object)
```

उत्तर लगेच नीट आलं, २१ ठिकाणी ३, सहा ठिकाणी ५. पण आता कोड रखडतो आणि मधल्या संख्या स्क्रीनवर मावत नाहीत. लहानात लहान पिव्हट घेतल्यावर जरा हलका झाला. `PARI` चं `matsnf` हेच काम चुटकीसरशी करतं (फक्त कर्ण मोठ्याकडून लहानाकडे देतं, बिचकू नका), पण दुसऱ्याने सोडवलेलं कोडं बघण्यात काय मजा.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि पुढचा बेत `object` ला वेग देण्याचा होता. तो रद्द. गुंडाळल्याने २ चा भाग शाबूत राहत असेल, तर ३ साठी मुद्दाम ९ वर गुंडाळावं की!

करून पाहिलं. सगळ्या संख्या ० ते ८. ज्या संख्येला ३ ने भाग जात नाही ती पिव्हट; ९ च्या हिशेबात तिला व्यस्त असतोच, म्हणून ओळ त्याने गुणून पिव्हट १ करायचा आणि ओळ-स्तंभ साफ करायचे. मसाविची भानगड नाही, फुगणं नाही. ४२ पिव्हट झाले आणि थांबलं. उरलेल्या २१ × २१ च्या चौकोनात फक्त ०, ३ आणि ६. तो चौकोन मी बराच वेळ नुसता बघत बसलो. सगळ्याला ३ ने भागून तीच कृती पुढे चालवली, २१ ही पिव्हट मिळाले, शून्य एकही उरलं नाही. म्हणजे ३ चा घात कुठेही एकाहून जास्त नाही आणि ९ पुरेसा होता. शून्य उरलं असतं तर २७ घेऊन पुन्हा. ५ साठी २५ वर: ५७ पिव्हट, मग ६ × ६ चा चौकोन. आणि २ साठी `uint64`, ज्यात गुंडाळणं फुकट मिळतं.

दोन अडचणी दिसताहेत. कोणत्या मूळ संख्या बघायच्या ते आधी कळायला हवं. इथे ट्रींच्या संख्येमुळे कळलं, एरवी निश्चयक काढावा लागेल. आणि ग्रुप अनंत असेल तर कितीही मोठा घात घेतला तरी शून्यं उरणारच, म्हणजे रँक वेगळी काढून ठेवावी लागेल. त्यासाठी पुढच्या वेळी अख्खा ६४ × ६४ चा लाप्लास घेतो, त्यात एक `Z` नक्की आहे.

तोवर `Q7` लावून दिलाय, १२७ × १२७, ९ वर. ८५ व्या पिव्हटला थांबला तर ४२ × ४२ चा चौकोन उरेल. आत्ता ६० वर आहे.