तीळ प्रकरण, भाग ४: पुसायच्या तिळाने राखायचा तीळ धरून ठेवला

काल रात्री सव्वादोनला दादाचा डाव्या गालावरचा तीळ पहिल्यांदाच सलग २१२ फ्रेम गालाला चिकटून राहिला. दादा हसतो, मान वळवतो, हसू ओसरतं, आणि तीळ गालाबरोबर जातो, गालावरून घसरत नाही. तीन आठवडे ह्याच साडेआठ सेकंदांनी डोकं उठवलं होतं, म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून हा भाग लिहितोय.

मागचं माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. आमच्या शॉर्टफिल्ममधले चार शॉट राहिले असताना मावसभावाची, म्हणजे दादाची, बदली झाली. ते शॉट डुप्लिकेटला घेऊन उरकले आणि आता त्याच्या अंगावर दादाचा चेहरा बसवतोय, डीपफेसलॅब ह्या चेहऱ्यांची अदलाबदल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मॉडेल शिकवून. दोघांची लेखी परवानगी आहे. दोघांचे तीळही आहेत, आणि भांडण तिथेच आहे.

आधी कोणती खूण ठेवायची ते. नोकरीच्या फॉर्मवर ‘शरीरावरील ओळखखुणा’ असा रकाना असतो ना, तोच मी दादासाठी भरला. पाहणाऱ्याने आधीच्या दृश्यांत जे पाहिलंय ते राहिलं पाहिजे, एवढाच नियम. डाव्या गालावरचा तीळ राहणार, कारण दुसऱ्या दृश्याच्या क्लोजअपमध्ये तो अगदी तीट लावल्यासारखा दिसतो. उजव्या भुवईतला वण (लहानपणी पाटाची कड लागून खोक पडली होती) तोही राहणार. नाकाशेजारची पुळी फक्त तिसऱ्या दिवसाच्या शूटिंगला होती, ती गेली. डोळ्यांखालचे बारीक ठिपके एकेक मोजून बसवायचे नाहीत; लांबून त्या जागेचा रंग थोडा मळकट दिसला की झालं, तो मॉडेल आपोआप देतं.

डुप्लिकेटच्या खुणांचं गणित वेगळं. मास्कच्या, म्हणजे जेवढा चेहरा बदलायचा तेवढ्या भागाच्या, आतल्या खुणा अदलाबदलीत आपोआप जातात. मास्कच्या बाहेरच्या, म्हणजे मानेवरच्या, कानापाशी असलेल्या, तशाच राहतात, कारण ते शरीर त्याचंच आहे. सगळ्यात वाईट खूण मास्कच्या कडेवरची. ह्याच्या जबड्याच्या कोपऱ्यावर एक तीळ आहे, तो फेदरमध्ये, म्हणजे मास्कच्या विरत जाणाऱ्या कडेत, अर्धा सापडतो आणि काही फ्रेममध्ये अर्धवट खोडलेल्या शाईसारखा दिसतो. त्यासाठी मास्क आत-बाहेर करत बसू नका, मी चार दिवस घालवले. अदलाबदल करण्याआधीच मूळ फुटेजमधून तो काढून टाकला, विषय संपला.

आता मुख्य दुखणं. भाग २ मध्ये मी म्हणालो होतो की दादाचा तीळ मॉडेल स्वतःच शिकेल. शिकलं, पण अर्धवट, आणि आता कारणं कळलीत. पहिलं, माझ्या सोर्समध्ये, म्हणजे मॉडेलला शिकायला दिलेल्या दादाच्या फ्रेममध्ये, डावीकडून घेतलेले चेहरे कमी होते म्हणून डीपफेसलॅबमध्ये सोर्स फ्लिप, म्हणजे चेहरे आरशासारखे उलटवणं, चालू ठेवलं होतं. त्यामुळे मॉडेलला निम्म्या वेळा तीळ उजव्या गालावर दिसत होता, आणि शेवटी दोन्ही गालांवर एकेक फिकट डाग उमटला. दुसरं, एका दिवसाच्या शूटिंगला मेकअपवाल्या ताईंनी तिळावर कन्सीलर लावलं होतं, एका दिवशी नव्हतं. मॉडेलने दोन्हींचा सुवर्णमध्य काढला. तिसरं कारण साधं मापाचं आहे. ३२० पिक्सेलच्या चौकटीत अख्खा चेहरा बसवला की एक मिलीमीटरला सव्वा-दीड पिक्सेल येतो. दादाचा तीळ तीनेक मिलीमीटरचा, म्हणजे मॉडेलच्या लेखी जेमतेम चार पिक्सेल. माझ्या क्लोजअपमध्ये तोच नऊ-दहा पिक्सेलचा दिसायला हवा. चार पिक्सेल ताणून दहा केले की तीळ राहत नाही, डाग होतो. शिवाय एवढ्याशा जागेच्या चुकीने लॉसचा, म्हणजे मॉडेलच्या एकूण चुकीचा, आकडा हलतसुद्धा नाही, त्यामुळे ट्रेनिंग कितीही वाढवलं तरी मॉडेलला त्याची पर्वा नसते.

म्हणून उलटं केलं. सोर्सच्या सगळ्या चेहऱ्यांवरून तीळ पुसला (फेस मेशने, म्हणजे चेहऱ्यावर बसणाऱ्या बिंदूंच्या जाळीने, जागा शोधून तिथे शेजारच्या रंगाने भरणारं ओपनसीव्हीचं इनपेंट, त्रिज्या ३, ३२० पिक्सेलला त्वचेची रंध्रं कोण बघतंय), फ्लिप बंद केलं, जुनंच मॉडेल पुढे चालवलं, आणि दोन्ही गाल स्वच्छ झाल्यावर तीळ शेवटी वरून बसवायचं ठरवलं. भाड्याच्या जीपीयूने मधेच दोनदा सत्र तोडलं. नाव घेत नाही, पण दर तासाला बॅकअप घ्या.

तीळ बसवायचा म्हणजे चिकटवायचा नाही. चिकटवलेला तीळ सावलीत गेला की चमकतो. मी दादाच्या एका स्वच्छ फ्रेममधून तीळ असलेली त्वचा घेतली, गिंपच्या हीलने तीळ काढलेली तीच त्वचा घेतली, आणि पहिलीला दुसरीने भागलं. जे उरतं ते ‘तीळ किती उजेड खातो’ ह्याचा नकाशा. माझ्याकडे मधोमध लाल ०.५२, हिरवा ०.४० आणि निळा ०.३६ आला, मेलॅनिन निळा उजेड जास्त शोषतं, त्यामुळे हे आकडे सारखे नसायलाच हवेत. काळ्या ब्रशने ठिपका काढला की तो शाईचा वाटतो, त्याचं कारण हेच. मग हा नकाशा प्रत्येक फ्रेमला गुणायचा:

```python
ratio = marked / np.maximum(healed, 1e-4)
out = frame * (1 + alpha * (ratio - 1))
```

हे सगळं लिनियर उजेडात, गॅमा काढून. लिनियरमध्ये काढलेला नकाशा गॅमासकट फ्रेमला गुणलात तर तीळ जास्तच काळा होतो. मी तो प्रकार आधी करून बसलोय.

रंग झाला, आता जागा. चेहरा ओळखायच्या नेहमीच्या ६८ बिंदूंमध्ये, म्हणजे लँडमार्कमध्ये, गालावर एकही बिंदू नाही: जबडा, भुवया, नाक, डोळे, ओठ, बस. म्हणून मीडियापाइपच्या ४६८ बिंदूंच्या फेस मेशवर गेलो आणि तीळ ज्या त्रिकोणात पडतो त्याच्या तीन टोकांच्या प्रमाणात त्याची जागा बांधली. स्थिर चेहऱ्यावर तीळ थरथरायला लागला, कारण बिंदू दर फ्रेमला पिक्सेलभर नाचतात. स्मूदिंग वाढवलं तर मान वळताना तीळ मागे रेंगाळला, बस सुटल्यावर धावणाऱ्या माणसासारखा. ह्यावर तोडगा निघाला: आधी डोळ्यांचे कोपरे आणि नाकाचा दांडा ह्यांवरून डोक्याची एकूण हालचाल काढून टाकायची, उरलेल्या बारीक हालचालीला तेवढं स्मूदिंग करायचं, मग डोक्याची हालचाल परत जोडायची. थरथर गेली, रेंगाळणंही गेलं.

पण हसू आलं की तीळ पाच-सहा पिक्सेल कानाकडे सरकायचा. हे नुसतं प्ले करून चटकन कळत नाही, एवढंच वाटतं की काहीतरी खोटं आहे. तपासायचं असं: तीळ मधोमध खिळवून ठेवणारा छोटा क्रॉप काढा आणि आजूबाजूची त्वचा बघा. त्वचा तिळाखालून वाहत असेल तर तीळ चुकतोय. फेस मेशला गालावरची खरी त्वचा दिसत नाही, तो तोंड नि डोळ्यांवरून गाल कुठे असेल ह्याचा अंदाज बांधतो. अदलाबदल झालेल्या चेहऱ्यावर ऑप्टिकल फ्लो लावून पिक्सेल कुठे सरकले ते मोजलं तर आणखी गोंधळ, कारण मॉडेलने काढलेली त्वचा स्वतःच पोहत असते.

परवा जबड्यावरचा तो अर्धा तीळ पुसायला मूळ फुटेज उघडलं आणि डुप्लिकेटच्या गालाकडे बघत बसलो. दादाचा तीळ जिथे हवाय त्याच्या जेमतेम सेंटीमीटरभर खाली ह्याचा स्वतःचा एक तीळ आहे. त्याच्या बाजूला कांजिण्यांचा खड्डा. दोन्ही अदलाबदलीत जाणारच आहेत, म्हणून मी त्यांची दखलच घेतली नव्हती. पण मूळ फुटेजमध्ये ते खऱ्या त्वचेवर आहेत आणि खऱ्या गालाबरोबर हलतात! फुकटचे ट्रॅकिंग मार्कर, देवाने लावून दिलेले.

ब्लेंडरच्या ट्रॅकरने दोन्ही धरले. हसू सर्वांत मोठं असलेल्या फ्रेमपासून सुरू करून आधी पुढे, मग मागे. पहिल्या फ्रेमपासून चाललात तर हसताना खड्डा चपटा होऊन ट्रॅक सुटतो. (असल्या लहान गडद ठिपक्यांना ब्लेंडरचा ट्रॅकर मला नेट्रॉनपेक्षा उजवा वाटतो.) दोन बिंदू असल्याने जागेबरोबर फिरणं आणि ताणणंही मिळतं. आता जागा मार्कर ठरवतात आणि फेस मेशकडे फक्त कल ठेवलाय: गाल कॅमेऱ्यापासून वळला की तीळ लंबगोल करायचा आणि कडेला पोचला की अल्फा, म्हणजे वरच्या सूत्रातली तिळाची तीव्रता, शून्यावर आणायचा. दोघांचे गाल एकसारखे नाहीत, त्यामुळे मान फार वळली की ही जोडणी पुरणार नाही. माझ्या चारही शॉटमध्ये तेवढी मान वळत नाही, नशीब.

डुप्लिकेटच्या मानेवरचे ठिपके पुसायला हाच नकाशा उलटा वापरावा, गुणण्याऐवजी भागावं, असं सुचलं होतं. फिकट ठिपक्यांना छान चाललं, खालची त्वचा जशीच्या तशी राहिली. गडद तिळाला नाही: ०.४ ने भागलं की तिथला नॉइज अडीचपट होतो आणि ट्रॅक अर्धा पिक्सेल चुकला तरी भोवती कडं उमटतं. तिथे शेजारच्या त्वचेचं ठिगळच बरं.

भुवईचा वण अजून बाकी आहे. गुणून पाहिला, खडूची रेघ दिसतो. वणावर रंध्रं नसतात, त्वचा गुळगुळीत असते, म्हणून दिव्याकडे वळल्यावर तो चमकतो आणि एरवी दिसतही नाही. माझा बेत मॉडेललाच तो शिकवायचा होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की त्याचेही दोन नकाशे करावेत: भुवईतल्या केस नसलेल्या फटीचा एक, तो कायम, आणि चमकेचा दुसरा, त्याची तीव्रता मूळ फुटेजमध्ये डुप्लिकेटच्या कपाळाचा तोच भाग किती उजळतो त्यावरून घ्यावी. दादाला सांगून टॉर्च डावीकडून उजवीकडे फिरवत भुवईचा एक व्हिडिओ मागवतो. रविवारशिवाय तो काही करायचा नाही.

सकाळी मावशीला टेस्ट दाखवली. तीळ बघून खूश झाली, दुसऱ्यांदा लावायला सांगितली, आणि म्हणाली, “अरे, ह्याच्या गळ्यावरचा मस कुठे गेला?”

मी दादाच्या चेहऱ्याचा रकाना भरला होता, गळ्याचा नाही. मस आहे उंचवट्याचा, त्याची स्वतःची सावली पडते, म्हणजे नुसतं गुणून भागणार नाही. फुटेज परत चाळलं. तीन शॉटमध्ये कॉलर बंद आहे. चौथ्यात वरचं बटण उघडं.